एकोणीस पानांतली दोन पाने

“उन्हाळाभर गावच्या पाण्यावर माहिती गोळा केली, 19 पानं झाली. आता अधिकाऱ्यांना निर्णय घेता यावा म्हणून दोनच पानांचं टिपण, पॉलिसी ब्रीफ, मागतात. काहीही गाळलं की वाटतं, मी काम केलंच नाही.”

जळगावात समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या इंटर्न मुलामुलींकडून हे मी इतक्या वेळा ऐकले आहे, की ओळख पटू नये एवढे तपशील बदलून एकीची हकिकत येथे मांडते. तापीकाठच्या एका नगरपरिषदेच्या गावात चौथ्या दिवशी पाणी सोडले जाई, तरी तिने निवडलेल्या वॉर्डातल्या शेवटच्या गल्लीत हंडे रिकामेच राहत. “पानी येस, पन आमना गल्लीमा येत नही,” असे तिथल्या एका आजीने सांगितलेले तिने वहीत टिपले होते.

पहिल्या दोन भेटी तिच्या धास्तीतच गेल्या. भीतीचे मूळ खणत बसण्यापेक्षा माणूस हाताने काय करतो ते आधी पाहावे, अशी माझी पद्धत आहे. म्हणून तिसऱ्या भेटीत मी ती पाने मागवली. पहिली सहा पाने राज्यभरच्या पाणीटंचाईची होती.

“हे कोण वाचणार?”

“मुख्याधिकारी.”

“आणि लिहिताना डोळ्यांसमोर कोण होतं?”

ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “माझे गाईड.”

माझ्या मते सगळी गाठ येथेच होती, कारण ती टिपण लिहीत नव्हती, हजेरी देत होती. गाईडला मेहनत दिसावी लागते. मुख्याधिकाऱ्याला मात्र आपल्या अधिकारात काय करता येईल, त्याला किती खर्च येईल आणि ते कधी होईल, एवढेच हवे असते. मी तिला सांगितले, “त्यांच्या सहीने काय बदलेल, ते आधी एका वाक्यात लिही.”

त्या वाक्यासाठी ती व्हॉल्व्हमनकडे गेली. त्याच्या वहीत पाणी 45 मिनिटे सोडल्याची नोंद होती. तिने स्वतः घड्याळ लावून पाहिले, तर शेवटच्या नळाला ते जेमतेम 15 मिनिटे येत होते, कारण वरच्या घरांच्या मोटारी थेट लाइनवर लावलेल्या होत्या. तिच्यापुढे आता तीन पर्याय उरले. नवा जलकुंभ चांगला खरा, पण त्याला तांत्रिक मान्यता आणि निधी मिळेपर्यंत काही वर्षे जातील. मोटारी जप्त करता येतात, पण पथक गेले की त्या परत लागतात. गल्लीच्या तोंडाशी वेगळा व्हॉल्व्ह बसवून तिला स्वतंत्र वेळ देणे हाच पर्याय या कार्यालयाच्या आवाक्यातला होता, आणि तीन महिने तो करून पाहावा, अशी शिफारस तिने पहिल्या परिच्छेदातच केली. राज्याची आकडेवारी गेली, आजीचे वाक्य राहिले. परिणाम कसा मोजायचा हेही तिने लिहिले: शेवटच्या नळावर 20 लिटरचा कॅन भरायला किती वेळ लागतो, ते व्हॉल्व्ह बसवण्याआधी आणि नंतर पाहायचे.

दुसऱ्या पानाच्या तळाशी तिने मला न विचारता एक ओळ घातली होती, आणि ती वाचून मला जे वाटले त्याला अभिमानच म्हणावे लागेल: “ही मोजणी फक्त उन्हाळ्यातली, एकाच वॉर्डातली आहे.”