घनाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांमधला रोध

प्रश्न: १२ सारखे रोध जोडून घन केलाय. एका कोपऱ्यापासून थेट समोरच्या कोपऱ्यापर्यंत एकूण रोध किती? किरचॉफची समीकरणं लिहिताना गोंधळ होतोय.

उत्तर: प्रत्येक कडेचा रोध R असेल तर उत्तर 5R/6. किरचॉफची समीकरणं इथे लागतच नाहीत.

सुरुवातीच्या कोपऱ्याला A आणि थेट समोरच्याला B म्हणू. घन हातात धरून A कोपरा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे B बरोबर त्याच्या मागे जाईल. आता घन A आणि B जोडणाऱ्या कर्णाभोवती १२० अंश फिरवला तरी तो जसाच्या तसा दिसतो. त्यामुळे A ला लागून असलेल्या तिन्ही कोपऱ्यांचं विभव सारखंच असणार. B च्या शेजारच्या तिघांचंही तसंच.

सारख्या विभवाचे बिंदू तारेने जोडले तरी त्या तारेतून प्रवाह वाहत नाही, म्हणून ते बिनधास्त जोडा. मग A पासून ३ रोध समांतर, मध्ये ६ समांतर आणि B जवळ पुन्हा ३ समांतर उरतात:

R/3 + R/6 + R/3 = 5R/6

बहुतेक जण मधल्या ६ कडांपाशी चुकतात. A पासून B पर्यंत तीन कडांच्या तीन वाटा धरल्या, तर 3R भागिले ३ म्हणजे R येतो. पण पहिल्या कडेनंतर प्रत्येक वाटेला दोन फाटे फुटतात, ते यात सुटतात.

१ किलोओहमचे १२ रोध डाग देऊन जोडले, तर मल्टिमीटर साधारण ८३३ ओहम दाखवेल. एखादा रोध वेगळा असेल तर मात्र सममिती मोडते आणि ही युक्ती चालत नाही.