ब्रिटनमधील ड्रायव्हिंग थिअरी टेस्ट: नापास झाल्यानंतर पुन्हा कधी?

प्रश्न: यूकेमध्ये कारच्या थिअरी टेस्टमध्ये नापास झालो. पुन्हा कधी देता येईल आणि फी परत भरावी लागेल का?

उत्तर: कामकाजाचे किमान 3 दिवस थांबावे लागते आणि 23 पौंडांची पूर्ण फी पुन्हा भरावी लागते. बुकिंग सरकारी संकेतस्थळावरूनच करावे, कारण मध्यस्थ संकेतस्थळे वर स्वतःचे शुल्क लावतात.

अनेकांना ठाऊक नसते की परीक्षेचे दोन्ही भाग एकाच वेळी उत्तीर्ण व्हावे लागतात. समजा, प्रश्नांच्या भागात 50 पैकी 46 गुण मिळाले (43 पुरतात), पण धोका ओळखण्याच्या चित्रफितींमध्ये 75 पैकी 41 मिळाले, जिथे 44 लागतात. तरीही पुढच्या वेळी दोन्ही भाग नव्याने द्यावे लागतात. म्हणून निकालपत्रातील गुण पाहून तारीख ठरवावी. प्रश्नांत एखाद-दुसरा गुण कमी पडला असेल तर आठवडाभराचा अभ्यास बहुधा पुरेल, परंतु चित्रफितींत धोका दिसताच माउस दाबण्याची वेळ चुकत असेल, किंवा ठरावीक लयीत सतत दाबल्यामुळे एखाद्या चित्रफितीला शून्य मिळाले असेल, तर सरावाला अधिक दिवस द्यावेत. प्रॅक्टिकल टेस्टचे बुकिंग थिअरी उत्तीर्ण झाल्यावरच करता येते, हेही वेळापत्रक आखताना धरावे.