पाचच मिनिटे मागणाऱ्याला नकार

*मी दारव्हा तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीची व्यवस्थापक आहे. आमच्याकडे तूर-हरभऱ्याची स्वच्छता आणि प्रतवारी होते. डाळीचे दाणे रंगावरून निवडणारे सॉर्टेक्स मशीन विकणारा अमरावतीचा एक प्रतिनिधी जुलैपासून भेटीची वेळ मागतो आहे. यंदा आमच्या संचालक मंडळाने गोदामाला पैसे लावायचे ठरवले, मशीनचा विषय निघाला तर एप्रिलनंतरच. मी ‘सोयाबीनची गडबड आहे, दिवाळीनंतर बघू’ म्हणत आले. आता दिवाळी झाली, रोज सकाळी फोन येतो आणि मागच्या आठवड्यात तर तो न कळवता ऑफिसात येऊन बसला. मुलगा वाईट नाही, कामाची माहिती चांगली आहे, पुढे त्याची गरजही लागेल. न दुखावता कसे थांबवू?*

*— एक व्यवस्थापक*

ताई, तुम्ही त्याला अजून एकदाही नाही म्हटलेले नाही. ‘दिवाळीनंतर बघू’ हा आपल्याकडे उसनवारीपासून सोयरिकीपर्यंत सभ्य नकार म्हणून चालतो आणि घरचा माणूस तो ओळखतो. परंतु यंत्र विकणाऱ्या प्रतिनिधीला कोणत्या ग्राहकाकडे पुन्हा कधी जायचे हे वरिष्ठांना कळवावे लागते, आणि त्याच्या लेखी तुमचे उत्तर म्हणजे पुढच्या भेटीची तारीख ठरते. दिवाळीनंतर त्याने फोन केला, तो तुम्ही बोलावले म्हणूनच. त्याच्याही बाजूने पाहिले तर स्पष्ट नकार हा त्याच्या सोयीचाच आहे, कारण तो मिळाला की त्याला तुमचे नाव यंदाच्या यादीतून काढून पेट्रोल दुसऱ्या ग्राहकासाठी खर्च करता येते.

नकार देताना कारण कोणते सांगता यावर पुढचे सगळे अवलंबून असते. वेळ नाही म्हटले, तर ‘ताई, पाचच मिनिटे बसतो’ हे उत्तर तयार असते. पैसे नाहीत म्हटले, तर हप्त्यांची योजना निघते. कॉम्प्रेसरला जागा नाही म्हटले, तर उद्या माणूस टेप घेऊन मोजमापाला हजर होतो. ही त्याची चिकाटी आहे, उद्धटपणा नव्हे. सांगितलेली अडचण सोडवून दाखवणे हेच त्याला शिकवलेले असते. म्हणून त्याच्या हातात सोडवण्यासारखी अडचण द्यायचीच नाही, झालेला निर्णय सांगायचा. तुमच्याकडे असा निर्णय आहे आणि तो खरा आहे, त्यामुळे खोटे कारण शोधण्याची गरजही नाही. तालुक्याच्या गावात ‘मी यवतमाळला आहे’ असे सांगून स्टँडसमोर त्याच्याच पुढ्यात येण्याची वेळ फार लवकर येते.

निरोप फोनवर न देता लेखी पाठवावा, म्हणजे तो जसाच्या तसा वरिष्ठांना दाखवून त्यालाही आपली बाजू मांडता येईल. मजकूर साधारण असा असावा:

‘नमस्कार. यंत्राची माहिती दिल्याबद्दल आभार. आमच्या संचालक मंडळाने ३१ मार्चपर्यंत कोणतेही नवीन यंत्र न घेण्याचे ठरवले आहे, त्यामुळे तोपर्यंत भेट ठेवता येणार नाही. या काळात कृपया फोन किंवा ऑफिसभेट करू नये, ही विनंती. एप्रिलनंतर हा विषय मंडळापुढे आला, तर इतर विक्रेत्यांबरोबर तुमच्याकडूनही दरपत्रक मी स्वतः मागवीन. तुमचे माहितीपत्रक फाइलला ठेवले आहे.’

यात ‘सध्या’ किंवा ‘काही दिवस’ असे मोघम काही नाही, तारीख आहे. फोन आणि भेट या दोन्ही गोष्टी नाव घेऊन थांबवल्या आहेत. नुसते ‘भेट नको’ लिहिले असते तर सकाळचा फोन चालूच राहिला असता. क्षमा मागितलेली नाही, कारण तुम्ही चूक केलेली नाही आणि ओशाळलेल्या माणसाला गळ घालणे सोपे जाते. ‘विषय आला तर’ आणि ‘इतर विक्रेत्यांबरोबर’ हे शब्द मात्र कोणत्याही परिस्थितीत गाळू नका. उद्या यंत्र अनुदानातून घ्यायचे झाले तर एकाहून अधिक दरपत्रके मागवावी लागतील, आणि तेव्हा एकाच विक्रेत्याला आधी शब्द दिलेला असणे तुम्हालाच अडचणीत आणील. याच कारणाने तुमची खर्चाची तयारी किती आहे किंवा दुसऱ्या कंपनीने काय दर सांगितला, हेही त्याच्याशी बोलू नये.

निरोप पाठवण्यापूर्वी अध्यक्षांना आणि सर्व संचालकांना तो वाचून दाखवा. व्यवस्थापकाचे दार बंद झाले की हुशार प्रतिनिधी संचालकाच्या बांधावर पोहोचतो, आणि तिथे एखाद्या भल्या माणसाने ‘या ना, मी बोलतो ताईशी’ म्हटले की तुमचा नकार तुमच्या एकटीचा हट्ट ठरतो. ‘एक दिवस अकोल्याला चला, चालू मशीन दाखवतो, गाडी पाठवतो’ हे आमंत्रणही बहुधा संचालकांनाच येते. ते, आणि ‘दहा किलो डाळ द्या, नमुना काढून दाखवतो’ ही मागणी, दोन्ही नाकारायची. कारण फुकट पाहुणचार किंवा फुकट नमुना घेतला की बोलणी सुरू झाली असेच तो धरील, आणि त्याचे धरणे चुकीचे नसेल.

यानंतरही एखादा फोन येईल हे गृहीत धरा. बहुधा तो महिनाअखेरीस येईल, जेव्हा त्याला विक्रीचा आकडा पूर्ण करायचा असतो, आणि त्यात ‘या महिन्यात बुक केले तर’ मिळणारी सवलत असेल. किती सवलत, हे कुतूहलानेही विचारू नका. ‘मंडळाचा निर्णय ३१ मार्चपर्यंत कायम आहे, तुम्हाला लिहून कळवलेच आहे,’ एवढेच, त्याच शब्दांत, आवाज न चढवता सांगावे. दुसऱ्या वेळी नवे कारण जोडले तर पहिले पुरेसे नव्हते असा अर्थ निघतो. तो दारात आलाच, तर पाणी जरूर द्या, उभ्यानेच तेच वाक्य बोला आणि काट्यावर आलेल्या मालाकडे वळा. चहाबाबत माझे मत थोडे कठोर आहे. चहा म्हणजे बसणे आणि बसणे म्हणजे बैठक, म्हणून या हंगामापुरता तो टाळावा. आपल्या भागात हे जड जाते हे मला ठाऊक आहे.

दोनदा सांगूनही फोन थांबले नाहीत, तर त्याच्या विभागीय वरिष्ठांना लिहावे. त्यात मुलाच्या स्वभावाबद्दल अक्षर नको, ‘त्यांची माहिती उपयुक्त आहे, परंतु ३१ मार्चपूर्वी संपर्क नको असे लेखी कळवूनही फोन येत आहेत’ इतकेच असावे. नंबर ब्लॉक करणे किंवा नकोशा विक्री-फोनसाठी असलेल्या १९०९ क्रमांकावर तक्रार करणे हे मार्ग ज्यांच्याशी पुढे कधीच व्यवहार करायचा नाही अशांसाठी ठेवा.

राहिला पुढच्या ओळखीचा प्रश्न. त्याचा नंबर नावासोबत ‘सॉर्टेक्स, अमरावती’ असे लिहून जतन करा, कारण ही मुले कंपन्या बदलतात, आणि आज यंत्र विकणारा दोन वर्षांनी दुसऱ्या कंपनीत दुरुस्तीची माणसे पाठवणारा असू शकतो. शेजारच्या तालुक्यातील एखाद्या डाळ मिलला खरोखर यंत्र हवे असेल, तर त्या मालकाला आधी विचारून मगच त्याचे नाव सुचवा. केवळ स्वतःची सुटका व्हावी म्हणून दुसऱ्याचा नंबर त्याच्या हाती देऊ नका. एप्रिलच्या बैठकीत यंत्राचा विषय पुन्हा पुढे ढकलला गेला, तर तेही दोन ओळींत, त्याने विचारण्याआधी कळवा.