पिशवीवर ‘नॅट टेस्टेड’ म्हणजे शंभर टक्के सुरक्षित का?

प्रश्न: वडिलांच्या ऑपरेशनसाठी दादरहून रक्त आणलं. पिशवीवर ‘नॅट टेस्टेड’ लिहिलंय. आता संसर्गाची भीती शून्य ना?

उत्तर: शून्य नाही, पण खूपच कमी. आपल्याकडे दिलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस व मलेरिया या पाचांसाठी तपासणी सक्तीची आहे. नॅट ही त्यावरची जादा चाचणी, म्हणून पैसेही जादा.

फरक एका उदाहरणाने सांगतो. समजा, एखाद्याला 1 तारखेला एचआयव्हीची लागण झाली आणि त्याने 15 तारखेला परळच्या शिबिरात रक्त दिलं. एलायझा ही नेहमीची चाचणी प्रामुख्याने शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधते. ती तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, त्यामुळे रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. नॅट थेट विषाणूचं जनुकीय द्रव्य लाखो पटींनी वाढवून पाहते, म्हणून ती बहुधा पकडेल. पण त्याच माणसाने 5 तारखेला रक्त दिलं असतं तर? तेव्हा विषाणू रक्तात इतका विरळ असतो की नमुन्यात सापडतच नाही. लागण होऊनही चाचणीत न दिसण्याचा हा काळ म्हणजेच विंडो पीरियड. नॅटने तो कमी होतो, संपत नाही. काही ठिकाणी अनेक दात्यांचे नमुने एकत्र तपासतात. त्यात विरळ विषाणू आणखी पातळ होतो.

म्हणून मला तरी दात्याने भरायचा तो कंटाळवाणा फॉर्म मशीनइतकाच महत्त्वाचा वाटतो. पहिल्या दिवसांतली लागण फक्त तिथल्या खऱ्या उत्तरानेच अडते.