पावतीवर 11,48,882 रुपये, खात्यात मात्र 11,33,528: फरक कुठला?

प्रश्न: 1 एप्रिल 2024 ला कोथरूडच्या शाखेत 10 लाखांची एफडी केली, 2 वर्षे, 7 टक्के, व्याज मुदतीअखेर. पावतीवर 11,48,882 रुपये लिहिलेत, मिळाले 11,33,528. टीडीएस 14,837 दाखवतात, तरी हिशेब जुळत नाही. बँकेने चूक केली का?

चूक नाही. तुमचे जवळपास पाचशे रुपये जिथे अडलेत, तिथे बरेच जण अडतात. ठेवींच्या काउंटरवर मी अनेक वर्षे काढली आहेत, आणि पावतीवरचा आकडा टीडीएस धरून काढलेला नसतो हे ठेव ठेवतानाच सांगायला हवं, असं मला कायम वाटत आलं आहे.

व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळतं, म्हणून पावतीवरचं सूत्र असं:

```
A = P × (1 + r/400)^(4 × n)
10,00,000 × (1.0175)^8 = 11,48,882
```

वर्षाच्या 7 टक्क्यांचे तिमाहीला 1.75 टक्के, आणि 2 वर्षांत 8 तिमाह्या. वर्षभराचा खरा परतावा 7.1859 टक्के पडतो.

आता टीडीएस. व्याज तुमच्या हातात मुदतीअखेर येतं, पण बँक ते दर वर्षी तुमच्या नावे जमा धरते आणि कर तेव्हाच कापते. पहिल्या वर्षाचं व्याज 71,859. त्या वर्षी मर्यादा 40 हजार होती, म्हणून 10 टक्के, म्हणजे 7,186 रुपये कापले. मर्यादा ओलांडली की कर वरच्या भागावर नाही, पूर्ण व्याजावर लागतो. ही रक्कम ठेवीतूनच गेली, त्यामुळे दुसरं वर्ष 10,71,859 ऐवजी 10,64,673 वर सुरू झालं. त्यावर व्याज 76,506, त्यातून 7,651 गेले. उरले 11,33,528.

एकूण फरक 15,354. त्यात टीडीएस 14,837, आणि उरलेले 517 म्हणजे पहिल्या वर्षी कापलेल्या रकमेवर दुसऱ्या वर्षी न मिळालेलं व्याज. काही बँका दर तिमाहीला कापतात, तिथे हे नुकसान किंचित जास्त असतं. टीडीएस बचत खात्यातून वळता करण्याची सोय बँक देत असेल, तर पुढच्या वेळी तीच घ्या. ठेव अखंड राहते.

517 परत मिळणार नाहीत, पण 14,837 हा तुम्ही आगाऊ भरलेला कर आहे. फॉर्म 26AS मध्ये तो त्या-त्या वर्षात दिसेल. व्याजही त्याच वर्षांत दाखवायचं: 71,859 हे 2024-25 चं, 76,506 हे 2025-26 चं. सगळं व्याज शेवटच्या वर्षात टाकलं, की पहिल्या वर्षाचा टीडीएस एकीकडे आणि उत्पन्न दुसरीकडे राहतं, आणि परतावा अडकतो.

ठेव सिंहगड रोडच्या शाखेत विभागूनही उपयोग नव्हता, कारण बँक एकाच पॅनवरच्या सगळ्या शाखांचं व्याज एकत्र मोजते. 2025-26 पासून मर्यादा 50 हजार आहे, ज्येष्ठ नागरिकांना 1 लाख. तुम्ही साठीच्या पुढे असता, तर दुसऱ्या वर्षी कपात झालीच नसती.