३० मीटर लांब, २५ मिमी पाइपच्या टोकाला किती व्यासाचं नोझल लावलं तर फवाऱ्यात सर्वात जास्त शक्ती येईल?

साधारण ८.६ मिमी.

नोझल मोठं केलं की पाणी वाढतं, पण पाइपमधल्या घर्षणात दाब खर्च होतो. लहान केलं तर वेग वाढतो, पण पाणीच कमी. घर्षणात एकूण दाबाचा एक तृतीयांश जातो तेव्हा शक्ती कमाल होते. त्यावरून, नोझलचा व्यास d, पाइपचा व्यास D आणि पाइपची लांबी L धरली तर:

d = D × (D / (2fL))^(1/4)

घर्षणांक f = 0.03 धरला, तर 2fL = 1.8 मीटर. 0.025/1.8 चं चतुर्थमूळ 0.343, गुणिले २५ मिमी. गंमत म्हणजे दाब सूत्रात येतच नाही.

टाकीसारखा स्थिर दाब मात्र हवा. पंपाचा दाब प्रवाहाबरोबर घसरतो. पडताळायचं तर नोझलमागे गेज लावा: पाणी चालू असताना, पाणी बंद असतानाच्या दाबाच्या दोन तृतीयांश दाब दिसायला हवा. आणि फवारा फक्त लांब फेकायचा असेल, तर याहून लहान नोझल घ्या.