उद्या नागपूरची हवा कोंडणार, हे आज कसं कळतं?

"सर, मी नागपूरला बीएस्सी सेकंड इयरला आहे, फिजिक्स-मॅथ्स. हिवाळ्यात 'उद्या हवा खराब राहील' असं आधीच सांगतात ते कसं काय? आणि हे काम करायचं असेल तर आत्तापासून काय करू?"

फिजिक्स घेतलंयस ना, मग कामाचाच एक नमुना सोडवून दाखवतो, त्यावरून तुला हे आवडतं का ते तूच ठरव.

गाड्या, कचरा जाळणं, रस्त्याची धूळ हे आज जेवढं तेवढंच साधारण उद्याही असतं, एका दिवसात फार बदलत नाही. बदलते ती जागा, म्हणजे धूर किती उंचीपर्यंत मिसळतो (मिक्सिंग हाइट) आणि वारा त्याला किती वेगाने नेतो. उंची मीटरमध्ये आणि त्या थरातला सरासरी वारा मीटर पर सेकंदात घेऊन गुणाकार केला की व्हेंटिलेशन कोएफिशिएंट मिळतो. दिल्लीच्या बुलेटिनमध्ये तो 6000 च्या खाली आणि वारा ताशी 10 किमीपेक्षा कमी असेल तर हवा साफ व्हायला प्रतिकूल धरतात.

आता उंची कशी काढायची ते बघ. सोनेगावला आयएमडीचा, म्हणजे हवामान खात्याचा, फुगा पहाटे साडेपाचच्या निरीक्षणासाठी सोडतात, तो वर जाता जाता तापमान पाठवत राहतो. समज डिसेंबरातली पहाट आहे, जमिनीवर 12 डिग्री पण 300 मीटरवर 18, म्हणजे वर जास्त गरम, यालाच इन्व्हर्जन म्हणतात, आणि त्याच्यावर दर किलोमीटरला 6 डिग्रीने थंड होत जातं. (आकडे समजावण्यासाठी घेतलेत.) दुपारी जमिनीजवळची तापलेली हवा वर चढते तेव्हा ती दर किलोमीटरला 9.8 डिग्रीने थंड होते, आणि आजूबाजूच्या हवेइतकी झाली की तिथेच थांबते, ती उंची म्हणजे त्या दिवसाची मिक्सिंग हाइट. ही पद्धत 1960 च्या दशकात होल्झवर्थने मांडली.

कमाल तापमान 27 धरून चढणाऱ्या हवेची आणि आजूबाजूच्या हवेची तापमानाची रेषा आलेखावर काढली तर दोन्ही रेषा साधारण 1900 मीटरवर भेटतात. वारा सेकंदाला 4 मीटर असेल तर कोएफिशिएंट 7600, दिवस ठीक. पण तोच पहाटेचा फुगा, आणि ढग येऊन कमाल 22 वरच अडकलं तर? रेषा 580 मीटरवरच भेटतात, वारा 2.5 वर आला तर कोएफिशिएंट 1450. धूर तितकाच, पण वाहून न्यायची क्षमता पाचव्या हिश्श्यावर आली!

खरी गोम इथेच आहे. कमाल तापमानाचा अंदाज फक्त 1 डिग्रीने चुकला तरी या उदाहरणात उंची 260 मीटरने हलते. म्हणून फोरकास्टर धुराच्या आधी ढग, धुकं आणि ऊन कधी निघणार ते बघतो. आदल्या दिवशी उद्याचा फुगा हातात नसतोच, तेव्हा मॉडेलने दिलेली तापमानाची रेषा आणि वारा घेतात, आणि मग पहाटेचा फुगा आला की त्यावर ताडून दुरुस्त करतात. हाय प्रेशर बसून वारा सलग दोन-तीन दिवस पडलेला दिसला तर जास्त सावध राहतात, कारण कालचा धूर गेलेलाच नसतो.

रात्री मात्र ही पद्धत चालत नाही, जमीन तापतच नाही तर काय चढणार! रात्रीचा थर शे-दोनशे मीटरचाच असू शकतो आणि तिथे मॉडेलही बऱ्याचदा चुकतात. अजून एक, कोराडीसारख्या वीज केंद्राच्या उंच चिमणीचा धूर रात्री वरच्या थरात अडकून राहू शकतो आणि सकाळी ऊन लागून खालचा थर वाढत तिथवर पोचला की तो झपकन खाली येतो. म्हणजे मिक्सिंग हाइट वाढतेय आणि जमिनीवरची हवा तरी थोडा वेळ बिघडतेय, असंही होतं. नुसता आकडा बघून दिवस चांगला म्हणणारा इथे फसतो.

शिक्षणाचं थोडक्यात. पुण्याच्या विद्यापीठात ॲटमॉस्फेरिक सायन्सचं एमएस्सी आहे, रिसर्चकडे जायचं तर पुढे पुण्यातच आयआयटीएम ही हवामानावर संशोधन करणारी संस्था आहे, आणि नागपुरात नीरीसारख्या ठिकाणी हवेच्या प्रदूषणाचं काम चालतं. आयएमडीत सायंटिफिक असिस्टंटची भरती 2022 ला स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षेतून झाली होती, त्यात बीएस्सी फिजिक्सवाल्यांना संधी होती. थर्मोडायनामिक्स नीट कर आणि पायथन शीक, बाकीचं नंतर.

आणि ॲडमिशनची वाट न बघता एक काम कर. वायोमिंग युनिव्हर्सिटीच्या साइटवर (weather.uwyo.edu) नागपूरचा फुगा स्टेशन 42867 नावाने मिळतो, 00Z म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. हिवाळ्यात पंधरा दिवस रोज त्या दिवसाचं अंदाजातलं कमाल तापमान घेऊन आलेखावर रेषा मार, उंची लिहून ठेव, आणि 12Z चा, म्हणजे संध्याकाळी साडेपाचचा, फुगा उघडून मिसळलेला थर खरंच कुठवर होता ते बघ. डिसेंबरात तेव्हा सूर्यास्त होत असतो म्हणून अगदी खालचा भाग थंड व्हायला लागलेला दिसेल, तो सोडून वरचा बघ. जिथे तुझी उंची फार चुकली त्या दिवशी ढग होते का ते बाजूला लिही, आणि ती वही मला पाठव.